एक खेळाडू, तीन नावं आणि रिकामा रकाना

सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूचं नाव मी वाचून दाखवलं, तेव्हा सर आधी हसले. मग म्हणाले, "अहो, आठ गोल कसले? आमच्या ओंक्याचे दहा आहेत. शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल."

सर म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या फुटबॉल लीगचे चिटणीस, निवृत्त क्रीडाशिक्षक. आकडेमोड हे माझं पोटापाण्याचं काम असल्यामुळे मोसम संपल्यावर त्यांनी माझ्याकडे एक एक्सेल फाईल पाठवली होती. त्यातून सर्वाधिक गोल कुणाचे आणि खेळलेल्या वेळेच्या हिशेबात सर्वांत चांगला आघाडीवीर कोण, एवढं काढून द्यायचं होतं. मी फाईल उघडली, नावानुसार गोलांची बेरीज केली आणि पंधरा मिनिटांत यादी तयार केली. सरांच्या हसण्याने ती यादी रद्द झाली. त्यानंतर लागलेले अकरा दिवस हा या लेखाचा विषय आहे. खेळाडूंची नावं अर्थातच बदलली आहेत.

लीगमध्ये सहा संघ. प्रत्येक जोडी दोनदा भिडते, म्हणजे ३० सामने, प्रत्येक संघाला १०. मैदानावर सामन्याचा कागद हाताने भरला जातो आणि नंतर कुणीतरी तो लॅपटॉपवर चढवतं. या मोसमात हे 'कुणीतरी' तिघं होते, आणि गोंधळाचा मोठा भाग तिथेच जन्माला आला. फाईलमध्ये एका ओळीत एक खेळाडू आणि एक सामना अशी मांडणी होती: सामन्याची तारीख, संघ, जर्सी क्रमांक, नाव, सुरुवातीपासून होता की राखीव, कितव्या मिनिटाला आत, कितव्या मिनिटाला बाहेर, एकूण मिनिटं, गोल, कार्ड. एकूण ८५७ ओळी.

सर हसल्यानंतर मी पहिलं काम केलं ते मोजणीचं. सामने किती? तीस हवे होते, फाईलमध्ये एकतीस निघाले. एकच सामना दोघांनी चढवला होता, पण एकाच्या लॅपटॉपवर तारीख आपल्या पद्धतीची होती आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर अमेरिकी पद्धतीची. त्यामुळे पाच जानेवारीचा सामना एका जागी पाच जानेवारीलाच राहिला आणि दुसऱ्या जागी एक मेला जाऊन बसला. दोन्हीकडचे संघ तेच, गोल तेच, जर्सी क्रमांक तेच. एक संच काढला, २७ ओळी गेल्या, ८३० उरल्या. एक्सेलला तारखांचं वेड आहे हे ज्याने कधी निकालांचा रकाना भरला आहे त्याला ठाऊक असेल. 2-1 असा निकाल टाकला की एक्सेल त्याची दोन जानेवारी करून टाकतं. 5-0 मात्र तसाच राहतो, कारण शून्य नावाचा महिना नाही. म्हणून निकालांचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यावा आणि मगच आकडे भरावेत.

मग नावांची मोजणी. लीगचा नियम आहे की एका संघाला जास्तीत जास्त २० खेळाडूंची नोंदणी करता येते. सहा संघ म्हणजे १२० च्या वर नावं असूच शकत नाहीत. फाईलमध्ये वेगवेगळी नावं होती १७४. एकटा ओंक्याचा संघच ३३ नावं घेऊन बसला होता.

या ३३ पैकी आपल्या कामाची तीन: Omkar Patil, Onkar Patil आणि O Patil. पहिल्याचे ६ गोल, दुसऱ्याचे ४, तिसऱ्याचा १. तिघांना एक धरलं तर अकरा होतात. सर तर दहा म्हणत होते. 'सगळ्या गावाला माहीत' हा पुरावा मी मानत नाही, पण तो खोटा आहे असं धरूनही चालत नाही.

इथे बहुतेक लोक, आणि पूर्वी मीही, एक चूक करतात. सारखी दिसणारी नावं 'फाइंड अँड रिप्लेस' करून एक करून टाकतात. मूळ नोंद पुसली जाते आणि चार दिवसांनी चूक लक्षात आली तर परतीचा रस्ता उरत नाही. त्याऐवजी मूळ फाईलची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवायची, तिला हात लावायचा नाही. नावांसाठी एक वेगळी नोंदवही करायची. तिच्यात डावीकडे फाईलमध्ये सापडलेलं नाव, स्पेलिंगसकट जसंच्या तसं, शेजारी संघ, आणि उजवीकडे आपण दिलेला खेळाडू क्रमांक. शेवटच्या रकान्यात हा निर्णय कशावरून घेतला ते चार शब्दांत. यापुढची सगळी बेरीज त्या क्रमांकावर होते, नावावर नाही. निर्णय चुकला तर नोंदवहीतली एक ओळ बदलायची, बाकी सगळं आपोआप सुधारतं.

आता तिघांचा निवाडा. मी पाहिलं की Omkar सहा सामन्यांत दिसतो आणि Onkar चार सामन्यांत. दोघं एकाही सामन्यात एकत्र नाहीत आणि दोघांचे मिळून बरोबर दहा सामने होतात. शिवाय दोघांची जर्सी ९. पहिली सहा पत्रकं एका मुलाने चढवली होती, उरलेली चार दुसऱ्याने. एकाला ओंकार 'एम'ने लिहायची सवय, दुसऱ्याला 'एन'ने. इथे शंकेला जागा उरली नाही. मात्र O Patil ज्या सामन्यात आहे त्याच सामन्यात, त्याच संघाकडून Omkar Patil सुद्धा आहे. एकाची जर्सी १७, दुसऱ्याची ९. एकाच वेळी मैदानावर असलेली दोन माणसं एक असू शकत नाहीत. सरांना विचारलं तर म्हणाले, "तो ओम. ओंक्याचा चुलतभाऊ." अकरावा गोल चुलतभावाचा होता.

या साध्या कसोटीइतकं धारदार हत्यार मला दुसरं सापडलेलं नाही. दोन नावं एकाच माणसाची आहेत अशी शंका आली की आधी ती दोन्ही एका पत्रकावर कधी आली होती का ते बघायचं. आली असतील तर विषय संपला. कधीच आली नसतील तर शंका बळावते, पण सिद्ध होत नाही, कारण दोन राखीव गोलरक्षकही आयुष्यात कधी एका वेळी मैदानावर नसतात. तेव्हा जर्सी क्रमांक, जन्मतारीख, नोंदणीचा फॉर्म यांपैकी आणखी एक तरी धागा जुळायला हवा.

सहा संघांचं हे काम डोळ्यांनी होतं. हजारो नावं असतील तर संगणकाची मदत घ्यावी लागते आणि तिथे दोन जुनी साधनं सगळ्यांच्या हाताशी असतात. एक म्हणजे साउंडेक्स. अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट मिळालेली ही पद्धत उच्चार सारखा असलेल्या आडनावांना एकच सांकेतिक क्रमांक देते. तिच्यात Omkar आणि Onkar दोघांनाही O526 हाच क्रमांक मिळतो, कारण 'एम' आणि 'एन' तिला एकाच घराण्यातले वाटतात. वाहवा म्हणेपर्यंत वैभव आडवा येतो. आपल्याकडे कुणी Vaibhav लिहितं, कुणी Waibhav. साउंडेक्स पहिलं अक्षर तसंच ठेवते, म्हणून एक V110 होतो आणि दुसरा W110, आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही. ही पद्धत इंग्रजी आडनावांसाठी बेतलेली आहे. 'व' हे एकच अक्षर दोन रोमन अक्षरांत लिहिलं जातं याची तिला कल्पना नाही.

दुसरं साधन सोव्हिएत गणितज्ञ लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेलं अंतर. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, ते मोजायचं. Omkar आणि Onkar यांच्यात अंतर १. Chavan आणि Chavhan यांच्यातही १. पण Amit आणि Ajit यांच्यातसुद्धा १ च! पहिल्या दोन जोड्या एकाच नावाच्या, तिसरी दोन सख्ख्या भावांचीही असू शकते. म्हणून हे अंतर फक्त संशयितांची यादी बनवायला वापरावं. 'अंतर १ असेल तर एक करून टाक' असा हुकूम संगणकाला देणं म्हणजे अमितचे गोल अजितच्या खात्यावर घालणं.

गोव्याचे खेळाडू यादीत आले की आणखी एक पदर निघतो. तिथली आडनावं पोर्तुगीज वळणाने लिहिली गेली आहेत. एफसी गोवा आणि मुंबई सिटीकडून खेळलेले मंदार राव देसाई आपलं आडनाव Dessai लिहितात. मुंबईतला टंकलेखक मराठी कानाने ऐकून Desai करतो आणि एका बचावपटूचे दोन होतात. नाईकाचा Naik आणि Naique, प्रभूचा Prabhu आणि Porobo, कामताचा Kamat आणि Camotim. शेवटच्या दोन जोड्या कुठल्याही अंतराच्या मोजमापात जवळच्या ठरणार नाहीत. ते गोवा ओळखणाऱ्या माणसालाच कळतं, आणि नोंदवहीत त्याने ते हाताने लिहावं लागतं.

देवनागरीत लिहिलं तर हा त्रास टळेल असं वाटत असेल तर एक गंमत सांगतो. एका संघाने आपली यादी मराठीत दिली होती. त्यात गोऱ्हे हे आडनाव दोनदा आलं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, पण संगणक म्हणे ही दोन वेगळी नावं. मी अर्धा तास स्पेस शोधत बसलो. कारण होतं 'ऱ्ह' मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र. तो दोन प्रकारे टंकता येतो. काही कळपाट त्यासाठी U+0931 हे वेगळं अक्षर वापरतात. काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे U+200D हे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना फरक शून्य. युनिकोडची नेहमीची 'नॉर्मलायझेशन' ही सफाईसुद्धा या दोघांना एक करत नाही. ते आपल्या हाताने बदलून घ्यावं लागतं. कऱ्हाडे, बोऱ्हाडे, गोऱ्हे यांनी आपापल्या बँकेतही एकदा डोकावून बघायला हरकत नाही.

माणसांचं जे, तेच संघांचं. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ कुणी पूर्ण लिहितं, कुणी नुसतं पीटीएम. आयपीएलची आकडेवारी चाळणाऱ्या प्रत्येकाला पुण्याचे दोन संघ भेटतात: २०१६ चा Rising Pune Supergiants आणि २०१७ चा Rising Pune Supergiant. मधल्या काळात शेवटचा 's' गळला. संघ तोच होता, पण संगणकाच्या लेखी धोनी पुण्यात येऊन वर्षभरात क्लब बदलून गेला.

नावांचं काम चार दिवसांत आटोपलं. १७४ नावांचे ११३ खेळाडू झाले. ओंकार दहा गोलांवर गेला आणि माझ्या पहिल्या यादीतला आठवाला दुसरा आला. सर म्हणाले, "झालं ना मग?" झालं नव्हतं. दुसरा प्रश्न वेळेचा होता.

गोल मोजताना खेळलेली मिनिटं का लागतात ते आधी सांगतो. एका पोराने दहा सामन्यांत ९०० मिनिटं खेळून पाच गोल केले, दुसऱ्याने राखीव म्हणून येऊन ३०० मिनिटांत चार. नुसत्या बेरजेत पहिला पुढे. म्हणून गोल भागिले मिनिटं, गुणिले ९० असं करून दर ९० मिनिटांचा आकडा काढतात. पहिल्याचा निघतो ०.५, दुसऱ्याचा १.२. आता या भागाकारात खाली बसलेला आकडाच चुकीचा असेल तर वरचे गोल कितीही काटेकोर मोजा, उत्तर गेलं वाया. आणि खालचा आकडा जितका लहान, तितकी चूक मोठी होते. शेवटच्या मिनिटाला मैदानात येऊन गोल मारणारा पोरगा या सूत्रात दर ९० मिनिटांना ९० गोल करतो.

८३० ओळींपैकी ९६ ओळींत मिनिटांचा रकाना रिकामा होता. रिकामा म्हणजे काय, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. पत्रकं काढून एकेक ओळ जुळवत गेलो तेव्हा एकाच रिकाम्या रकान्याचे तीन अर्थ निघाले. ४१ ओळी बाकावर बसून राहिलेल्या राखीव खेळाडूंच्या होत्या, त्यांची मिनिटं खरोखर शून्य. ३८ ओळी पूर्ण सामना खेळलेल्यांच्या होत्या. तिसरा मुलगा मला म्हणाला, "काका, जो आत गेला नाही, बाहेर आला नाही, त्याचं काय लिहायचं? तो खेळलाच की सगळा सामना." त्याच्या हिशेबाने रिकामं म्हणजे ९०, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर चुकीचं काहीच नाही. उरलेल्या १७ ओळींत मात्र खरोखरच कुणाला काही माहीत नव्हतं.

माझ्या पहिल्या यादीत या ९६ च्या ९६ ओळी शून्य धरल्या गेल्या होत्या, आणि ते मी केलेलं नव्हतं. एका शीटवरची मिनिटं मी सूत्र लावून दुसऱ्या शीटवर आणली होती. एक्सेलमध्ये सूत्राने रिकाम्या खणाकडे बोट दाखवलं की उत्तर 0 येतं. रिकामा खण मध्येच शून्य होतो, कुणाला न सांगता. मग सरासरीही बदलते, कारण AVERAGE रिकामा खण सोडून देतं, पण शून्य धरून चालतं.

पूर्ण खेळलेल्यांना ९० आणि न खेळलेल्यांना शून्य लिहिल्यावर आता तपासणी. इथे फुटबॉल आपल्याला एक देणगी देतो. संघाचे अकराच खेळाडू मैदानावर असतात. एक बाहेर गेला की एकच आत येतो. म्हणून कुणाला लाल कार्ड मिळालं नसेल, आणि जखमी खेळाडूच्या जागी यायला राखीव शिल्लक नाही असंही झालं नसेल, तर एका संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या मिनिटांची बेरीज ११ गुणिले ९०, म्हणजे ९९० च यायला हवी. तीस सामने, साठ बेरजा. पायथनमध्ये हे दोन ओळींचं काम आहे:

```python
t = df.groupby(["match_id", "team"])["minutes"].sum()
print(t[t != 990])
```

साठपैकी चौदा बेरजा ९९० नव्हत्या. त्यांतल्या चार लाल कार्डामुळे योग्यच होत्या. उरलेल्या दहांपैकी एक इथे सोडवून दाखवतो, कारण तिच्यात सगळे प्रकार एकत्र आले आहेत.

या सामन्यात एका संघाची बेरीज १०१० आली. पत्रकावर ४ क्रमांकाच्या बचावपटूला ६२ व्या मिनिटाला लाल कार्ड होतं. म्हणजे उरलेली २८ मिनिटं संघ दहा जणांनी खेळला आणि बेरीज ९९० वजा २८, म्हणजे ९६२ हवी. फरक ४८ चा. पहिले २८ तर लगेच सापडले. लाल कार्डाची नोंद कार्डाच्या रकान्यात होती, पण 'बाहेर' च्या रकान्यात नव्हती, त्यामुळे ४ क्रमांकाला पूर्ण ९० मिनिटं मिळाली होती. उरले २०. राखीव खेळाडूंत १६ क्रमांकाचा ७० व्या मिनिटाला आत आलेला, त्याची २० मिनिटं बरोबर. पण त्याच्यासाठी बाहेर कोण गेलं? पत्रकाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, १०. फाईलमध्ये मात्र १० क्रमांक पूर्ण सामना खेळलेला. त्याची ९० ची ७० केली आणि बेरीज ९६२ वर आली.

इथे थांबलो असतो तर फसलो असतो. त्याच संघात १८ क्रमांकाचा राखीव खेळाडू आत आल्याची खूण होती, मिनिटं रिकामी. तो ११ क्रमांकाच्या जागी आला होता. फाईलमध्ये ११ ला पूर्ण ९० आणि १८ ला काहीच नाही. दोघांची मिळून मिनिटं ९० च, म्हणून बेरजेने तक्रार केली नाही. शिवाय वरच्या पायथनच्या ओळींत sum() रिकामा खण गुपचूप सोडून देतं, हेही आहेच. बेरीज जुळली म्हणजे वाटणी बरोबर आहे असं नाही. एकाचं दुसऱ्याच्या खिशात गेलेलं बेरजेला दिसत नाही. म्हणून 'आत आला' अशी खूण आहे आणि मिनिटं नाहीत, अशा ओळी वेगळ्या शोधाव्याच लागतात.

मग १८ क्रमांक कधी आत आला? कुणाला आठवत नव्हतं. पण पत्रकावर दोन खुणा होत्या. ११ क्रमांकाने ७१ व्या मिनिटाला गोल केला होता, म्हणजे तोपर्यंत तो मैदानावर होता. आणि १८ क्रमांकाला ८३ व्या मिनिटाला पिवळं कार्ड दाखवलं होतं. बाकावर बसलेल्यालाही पिवळं कार्ड मिळू शकतं, पण पंचांच्या शेऱ्यात 'मागून पाडलं' असं होतं, तेव्हा तो मैदानावरच होता. म्हणजे बदल ७१ ते ८३ च्या मध्ये कधीतरी झाला. १८ क्रमांक कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १९ मिनिटं खेळला. मी मधला आकडा १३ लिहिला, शेजारी 'अंदाज, ७ ते १९' असा शेरा टाकला आणि ११ ला ७७ दिली. सतरापैकी बारा ओळी अशाच कार्डं, गोल आणि पेन्सिलीच्या खुणांवरून कमीअधिक पक्क्या झाल्या. पाच ओळींसाठी नुसती लांब मर्यादा उरली.

या पाचांचं काय करायचं, यावर लोक वाद घालतात. काही जण संघाची सरासरी भरतात, काही जण ओळच उडवतात. मला दोन्ही पटत नाहीत. ओळ उडवली तर त्या ओळीतला गोलही उडतो. सरासरी भरली तर उशिरा आलेल्या राखीवाला सुरुवातीच्या अकरांइतका वेळ मिळतो. मी आधी एवढंच बघतो की या आकड्याने निकालात काही फरक पडतो का. १८ क्रमांकाच्या खेळाडूची बाकी मोसमातली पक्की मिनिटं ५२ होती आणि गोल दोन. या सामन्यात ७ धरली तर दर ९० मिनिटांना ३.०५ गोल, १९ धरली तर २.५४. रिकामा खण शून्य धरला असता तर ३.४६, आणि कुणी पूर्ण सामना धरून ९० लिहिली असती तर १.२७. आकडा असा झुलतो. पण आम्ही आधीच ठरवलं होतं की २७० मिनिटांपेक्षा, म्हणजे तीन पूर्ण सामन्यांपेक्षा, कमी खेळलेल्याला क्रमवारीत घ्यायचं नाही. हा गडी कुठूनही ७१ च्या वर जात नाही. तेव्हा त्याच्या त्या बारा मिनिटांसाठी कुणाला फोन करून सतवण्याची गरज नव्हती. ज्यांची मर्यादा २७० च्या अल्याड-पल्याड जात होती असे फक्त दोन खेळाडू निघाले. त्या दोघांच्या प्रशिक्षकांना मात्र मी फोन केले.

एक गोष्ट आम्ही सोडून दिली, ती म्हणजे भरपाईची मिनिटं. पंच दोन्ही अर्धांत तीन-चार मिनिटं वाढवतात, पण आमच्या पत्रकावर ती येत नाहीत, म्हणून सगळ्यांसाठी सामना ९० चाच धरला. मोठ्या स्पर्धांच्या तयार आकडेवारीत ती असतात आणि तिथे वेगळाच सापळा असतो. स्टॅट्सबॉम्ब या कंपनीने अभ्यासकांसाठी फुकट खुल्या केलेल्या सामन्यांत पहिला अर्ध ४५ मिनिटांच्या पुढे ४६, ४७ असा मोजला जातो आणि दुसरा अर्ध पुन्हा ४५ पासून सुरू होतो. म्हणजे '४६ वं मिनिट' एकाच सामन्यात दोनदा येऊ शकतं. शेजारचा period हा रकाना न बघता मिनिटं वजा केली तर मध्यंतरात बदललेल्या खेळाडूचा हिशेब चुकतो. नावांबाबत मात्र हीच आकडेवारी आदर्श म्हणावी अशी आहे. मेस्सी तिथे Lionel Andrés Messi Cuccittini असा पूर्ण नावाने नोंदलेला आहे, लोक म्हणतात ते नाव वेगळ्या रकान्यात आहे, आणि प्रत्येक सामन्यात त्याचा खेळाडू क्रमांक एकच राहतो: 5503.

अकराव्या दिवशी मी सरांना दुसरी यादी दिली. ओंकार दहा गोलांसह पहिला. पण दर ९० मिनिटांच्या यादीत तो तिसरा होता. पहिला आला दुसऱ्याच संघातला एक राखीव आघाडीवीर, ज्याचं नाव तीन स्पेलिंगमध्ये विखुरल्यामुळे माझ्या पहिल्या यादीत तो कुठेच नव्हता. सरांनी कागद दोनदा वाचला. "हा पोरगा?" म्हणाले, "याला तर आम्ही निवड चाचणीला बोलावलाच नव्हता."

पुढच्या मोसमाच्या सामना-पत्रकात दोन बदल झाले आहेत. नावाच्या आधी नोंदणी क्रमांकाचा रकाना आला आहे, आणि राखीव खेळाडूच्या ओळीत 'कुणाच्या जागी, कितव्या मिनिटाला' अशी छापील जागा. लाल कार्डासाठी 'बाहेर' च्या रकान्यात वेगळा चौकोनही हवा होता, पण कागदावर जागा उरली नाही. तो आम्ही पेन्सिलीनेच भरणार आहोत.